नखांचा फोटो बघताना आधी नक्षी झाका

प्रश्न: जालन्यात राहते. पाच आठवड्यांनी लग्न आहे. एका पार्लरच्या ताईंनी त्यांनी केलेल्या नवरीच्या हाताचा फोटो पाठवलाय, तो सोबत जोडलाय. बघायला छान वाटतोय, पण क्यूटिकल, आकार, पॉलिश, नेल आर्ट यातलं काय नीट झालंय आणि काय नाही, हे फोटोवरून कसं ओळखायचं? यांच्याकडून करून घेऊ का?

उत्तर:

फोटो मोठा करून नीट बघितला. वाईन रंगाचं जेल पॉलिश, बदामी आकार, अनामिकेवर सोनेरी मोर, मधल्या बोटावर आणि करंगळीवर बुडाशी खडे. डाव्या हाताची चार बोटं दिसतात, अंगठा आत दुमडलेला आहे. नजर पहिल्यांदा मोरावर जाते आणि तिथंच अडकते, म्हणून लातूरला माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी एक सवय लावते. फोनच्या पडद्यावर अंगठा ठेवून नक्षी झाकायची आणि उरलेलं नख बघायचं. तुम्हीही तसंच करा. नक्षी कितीही सुंदर असली तरी बुडाशी काम कच्चं असेल, तर ते नख आठवड्याभरात कडेनं सुटायला लागतं.

त्याआधी एक गोष्ट तपासायची, फोटोवर विश्वास ठेवता येतो का. यासाठी नखं बघू नका, बोटांच्या पेरांवरच्या आडव्या सुरकुत्या बघा. प्रत्येक माणसाच्या बोटाला त्या असतातच. त्या पुसट झाल्या असतील आणि कातडी मेणासारखी गुळगुळीत दिसत असेल, तर फोनच्या ब्यूटी फिल्टरनं कातडीबरोबर क्यूटिकलचा सगळा पुरावाही पुसलेला असतो. अशा फोटोवरून बुडाच्या कामाबद्दल काहीच सांगता येत नाही. दुसरी खूण बांगड्यांची. नखं लांब किंवा बोटं बारीक दाखवण्यासाठी फोटो ओढलेला असेल, तर जवळच्या बांगडीची गोलाई बिघडते. तुमच्या फोटोत सुरकुत्या शाबूत आहेत आणि हिरवा चुडाही नीट गोल आहे. म्हणजे फोटो खरा आहे आणि त्यावर बोलता येईल. फक्त व्हॉट्सॲपवर आल्यानं तो थोडा दाबला गेलाय. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितलात, तर आणखी स्पष्ट दिसेल.

आता क्यूटिकल. इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण चांगलं आणि वाईट काम इथंच वेगळं होतं. ज्याला आपण सरसकट क्यूटिकल म्हणतो त्यात खरं तर दोन गोष्टी असतात. एक, नखाला चिकटलेला मेलेल्या कातडीचा पातळ पापुद्रा. तो काढायचाच असतो. तो राहिला तर पॉलिश नखाला न चिकटता त्या पापुद्र्याला चिकटतं आणि तिथूनच सुटतं. दुसरी, नखाच्या बुडाशी असलेली जिवंत कातडीची घडी. ती नखाच्या मुळाला पाणी आणि जंतूंपासून वाचवते. ती फक्त हळूच मागे सारायची असते, कापायची नसते. घाईत काम करणारी बाई नेमकी हीच घडी निपरनं, म्हणजे कातडी कापायच्या छोट्या चिमट्यानं, कापते, कारण कापल्यावर फोटोत कड एकदम कोरीव दिसते. हा कोरीवपणा एक-दोन दिवसच टिकतो. मग ती कातडी कडक होऊन परत येते, आणि पहिल्यापेक्षा खरबरीत येते.

फोटोत हे ओळखायचं कसं? गोऱ्या हातावर कापलेली कड लाल दिसते, हे बहुतेकांना माहीत असतं. आपल्याकडच्या गव्हाळ आणि सावळ्या हातांवर ती लाल दिसेलच असं नाही. आजूबाजूच्या कातडीपेक्षा ती जरा गडद, तपकिरी किंवा जांभळट दिसते. त्यामुळे आपल्या हातांवर रंगापेक्षा चमक बघावी. शेवटी लावलेलं क्यूटिकल ऑइल कडेनं सगळीकडे सारखं चमकतं. नुकतीच कापलेली कातडी मात्र एखाद्याच ठिकाणी, ओल्या ठिपक्यासारखी चमकते आणि तिथं कडेला बारीकशी पायरी दिसते. तुमच्या फोटोत मधल्या बोटाच्या डाव्या कोपऱ्यात नेमका असा ठिपका आहे. तर्जनीची आणि अनामिकेची कड मात्र स्वच्छ आहे. कातडीचा रंग बोटाच्या रंगासारखाच आहे, पांढरे धागे निघालेले नाहीत, आणि कड एका गोलाईत जाते.

हा ठिपका मी का धरून बसलेय ते सांगते. दोन वर्षांपूर्वी निलंग्याकडची एक नवरी आईबरोबर माझ्याकडे आली होती. दुसरीकडे नखं करून चार दिवस झाले होते. तर्जनी बुडाशी सुजून लाल झालेली, हात लावू देईना. आई म्हणाली, "फोटोत तर किती चांगलं दिसायलं होतं, अन् आता बघा, बोट रात्रभर ठणकायलंय." नखुरडं झालं होतं. मी तिला आधी डॉक्टरांकडे पाठवलं, नखांना हात लावला नाही. नंतर तिनं पहिल्या दिवशीचा फोटो दाखवला. त्याच बोटाच्या त्याच कोपऱ्यात तो ओला ठिपका होता. सगळ्यांनी फोटो बघितला होता, पण सगळ्यांची नजर खड्यांवर होती. कापलेल्या प्रत्येक कडेला नखुरडं होतं असं नाही. पण होतं तेव्हा बहुतेक वेळा अशाच कोपऱ्यातून होतं, आणि हळदीच्या दिवसात हात सारखे ओले असतात.

मेंदी लावलेल्या हाताच्या फोटोत हे काहीच कळत नाही, हेही लक्षात ठेवा. बोटांची टोकं मेंदीनं गडद रंगवलेली असली की सगळा लालसरपणा त्यात बुडून जातो. पार्लरच्या ताई फक्त मेंदीचेच फोटो दाखवत असतील, तर साध्या हाताचाही एक मागा.

क्यूटिकलला लागूनच दुसरी गोष्ट बघायची, पॉलिश कुठं थांबलंय. नख आणि कातडी यांच्यात केसाएवढी, फार तर एक मिलिमीटरची, सगळीकडे सारखी मोकळी रेघ हवी. ब्रश कातडीवर गेला आणि तिथंच लॅम्पमध्ये जेल सुकलं, तर कातडी हलली की जेलही ओढलं जातं. मग कडेनं फट पडते, फटीत पाणी जातं आणि केस अडकायला लागतात. आणखी एक मोठं कारण आहे. कच्चं जेल वारंवार कातडीला लागलं तर काहींना त्याची ॲलर्जी होते, आणि एकदा झालेली ही ॲलर्जी सहसा जात नाही. फोटोत अशी चूक रंगापेक्षा सावलीनं पकडता येते. जेल नखावरून कातडीवर उतरतं तिथं फुगीर, चकचकीत कड तयार होते आणि तिच्या पलीकडे बारीक सावली पडते. तुमच्या फोटोत करंगळीच्या उजव्या बाजूला ती आहे. बाकी तीन बोटांवर मोकळी रेघ छान राखली आहे. करंगळी शेवटी होते, नख लहान असतं, हात थकलेला असतो. म्हणून कोणाचंही काम जोखताना मी करंगळी पहिल्यांदा बघते.

आकाराबद्दल थोडक्यात सांगते, कारण फोटो आकाराबाबत सगळ्यात जास्त फसवतो. फोन अगदी जवळ नेऊन फोटो काढला की जे बोट कॅमेऱ्याजवळ असतं ते फुगीर दिसतं, आणि जरा कलतं झालेलं नख वाकडं वाटतं. म्हणून आकार फक्त कॅमेऱ्याकडे सरळ तोंड असलेल्या नखांवर जोखावा. तुमच्या फोटोत ती मधलं बोट आणि अनामिका आहेत. पडद्यावर कागदाची सरळ कड धरा. ती बुडाच्या मध्यापासून पहिल्या पेराच्या मध्याच्या रेषेत ठेवा आणि बदामाचं टोक त्या रेषेवर येतं का बघा. मधल्या बोटाचं येतं. अनामिकेचं टोक करंगळीकडे थोडं सरकलंय. नख मुळातच तिरकं वाढत असेल तर असं होतं, पण फाइल करताना ते सावरून घ्यायचं असतं. दुसरं म्हणजे, बदामी आकाराचा उतार नख बोटाच्या मांसातून मोकळं होतं त्यानंतर सुरू व्हायला हवा. त्याच्या आधीच बाजू घासून आत घेतल्या असतील तर नख तिथं कमजोर होतं आणि कडेनं चिरतं. इथं बाजू सरळ ठेवल्या आहेत, ते काम चांगलं झालंय.

पॉलिशचा सारखेपणा बघायला रंगाकडे बघू नका, उजेडाकडे बघा. खिडकीचा किंवा ट्यूबलाइटचा उजेड नखावर पडला की लांबट पांढरी रेघ दिसते. ही रेघ म्हणजे नखाच्या पृष्ठभागाचा नकाशाच. पृष्ठभाग सपाट आणि सलग असेल तर रेघ बुडापासून टोकापर्यंत न तुटता, हलक्या गोलाईनं जाते. मध्ये जेल साचलं असेल तिथं ती फुगते, खोलगट असेल तिथं आत वळते, धूळ असेल तिथं टोचा पडतो. तुमच्या फोटोत तर्जनीवरची रेघ मध्यापर्यंत सरळ येते आणि मग पाण्यातल्या काठीसारखी एकदम मोडते. तिथं एक तर बेसचा थर जास्त झालाय किंवा टॉप कोट लावून लॅम्पमध्ये जायच्या आधी बोट तिरकं झालंय. अनामिकेवर मोर असल्यानं रेघ दिसत नाही, पण मधल्या बोटावर ती सुरेख आहे.

या रेघेच्या दोन मर्यादा आहेत. रिंग लाइटमध्ये काढलेल्या फोटोत प्रत्येक नखावर फक्त गोल पांढरं कडं दिसतं, त्यातून पृष्ठभागाबद्दल फारसं कळत नाही. कॅट आय पॉलिशमध्ये चुंबकानं ओढलेली चमकदार पट्टी ही रंगातलीच असते, ती उजेडाची रेघ समजू नका. मॅट फिनिशवर तर रेघच नसते, तिथं बाजूनं काढलेला फोटो मागावा लागतो.

रंगाचंही थोडं बघायचं असतं. गडद रंगात फिकट पट्टा आणि हलक्या रंगात ब्रशचे ओरखडे लवकर दिसतात. वाईन, मरून, काळा असे रंग एका जाड हातात आटपायचा मोह होतो. जाड थर वरून सुकतो, आत कच्चा राहतो आणि त्याला सायीसारख्या सुरकुत्या पडतात. म्हणून पातळ दोन हात द्यायचे आणि प्रत्येक हात वेगळा सुकवायचा. सुरकुत्या असतील तर त्या बहुतेक नखाच्या दोन्ही कडांना, जिथं जेल वाहून साचतं तिथं दिसतात. या फोटोत त्या नाहीत. टोकाला मात्र तर्जनीवर रंग संपतो आणि एक बारीक फिकट रेघ उरते, म्हणजे ब्रश टोकाच्या जाडीवरून फिरवलेला नाही. भांडी घासताना, केस धुताना पहिला घाव टोकालाच बसतो, तिथूनच रंग उडायला लागतो.

आता नक्षीवरचा अंगठा काढा. मोर हातानं काढलेला आहे, स्टिकर नाही. रेषेची जाडी सुरुवातीला आणि शेवटी बदलते, त्यावरून ते कळतं. लायनर ब्रशवर या ताईंचा हात बसलेला आहे, हे मी मनापासून सांगते. पिसाऱ्याच्या रेघा एकमेकींना चिकटलेल्या नाहीत. एवढ्याशा जागेत ते सोपं नाही. अडचण तोलात आहे. मोर अनामिकेवर बुडापासून टोकापर्यंत भरलेला आहे, वाईन रंग कुठं मोकळा राहिलेलाच नाही. त्याच्या दोन्ही शेजारच्या बोटांवर खडे आहेत. म्हणजे ओळीनं तीन बोटं जड आणि तर्जनी एकटी साधी. हात सरळ धरला की सगळं वजन करंगळीच्या बाजूला कलल्यासारखं दिसतं. फोन हातभर लांब धरून डोळे अर्धे मिटा, हे कलणं लगेच जाणवेल. एक बोट भरजरी असेल तर त्याच्या शेजारची दोन्ही शांत ठेवावीत, आणि दुसरं वजन द्यायचंच असेल तर एक बोट सोडून किंवा अंगठ्यावर द्यावं. दोन्ही हात एकमेकांशेजारी ठेवल्यावर मोरांची तोंडं समोरासमोर आली पाहिजेत. डाव्या हाताची नक्षी तशीच्या तशी उजव्या हातावर उतरवली की दोन्ही मोर एकाच दिशेला बघतात आणि जोडी जुळत नाही. तुमच्या फोटोत एकच हात आहे, म्हणून दोन्ही हातांचा फोटो मागवा.

तुम्ही पैठणी नेसणार असाल तर माझं मत वेगळं आहे. बांगडी मोर किंवा असावली पदराच्या रुंदीवर शोभतात. बोटभर रुंदीच्या नखावर त्यांना श्वास घ्यायला जागा उरत नाही. त्यापेक्षा नारळी काठाची टोकं घ्यावीत. नखाच्या टोकाला सोनेरी छोट्या त्रिकोणांची एक ओळ, बाकी सगळा सपाट रंग. लांबून तो काठ वाटतो आणि जवळून नक्षी दिसते. फोटोत ती जोखणंही सोपं जातं. सगळ्या बोटांवर ओळ सारख्या उंचीवर सुरू होते का आणि दोन्ही कडांना सारखीच संपते का, एवढंच बघायचं. आणि बुडाशी उभे राहणारे खडे नकोतच. जरीच्या पदरात अडकतात, केसांत अडकतात, आणि निघताना पॉलिशचा तुकडा घेऊन निघतात.

फोटोत न दिसणाऱ्या गोष्टीही सांगितल्या पाहिजेत. निपर कसा साफ करतात, जेल आतपर्यंत सुकलं का, नख किती घासून पातळ केलंय, हे ताज्या कामाच्या फोटोत कळत नाही. यातलं बरंचसं दोन आठवड्यांनी काढलेल्या फोटोत कळतं. बोटाचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं. म्हणजे दोन आठवड्यांनी बुडाशी दीड मिलिमीटरच्या आसपास नवं नख दिसायला हवं. कोणी फोटो दाखवून "हे वीस दिवसांनंतरचं आहे" म्हणालं आणि बुडाशी मोकळं नख दिसतच नसेल, तर तो फोटो वीस दिवसांनंतरचा नाही. खरा जुना फोटो मिळाला तर त्यात जुन्या पॉलिशची बुडाकडची कड बघा. ती नखाला बसलेली असेल तर तयारी नीट झाली होती. तिच्याखाली सावली किंवा पांढुरका पट्टा असेल तर ते सुटलंय.

तर तुमच्या फोटोचा हिशेब असा. ब्रशचा हात चांगला, बाजूंची फाइल चांगली, चारपैकी तीन बोटांवर कातडीपासून अंतर चांगलं. चुका तीन ठिकाणी आहेत. मधल्या बोटाची कापलेली कड, कातडीवर गेलेली करंगळी आणि तर्जनीचा उंचवटा व न झाकलेलं टोक. अनामिकेचं टोक सरकलंय आणि नक्षी एका बाजूला जड झालीये, पण ते सांगून बदलता येतं. मी याला साध्या समारंभासाठी चालेल असं म्हणेन, लग्नासाठी अजून नाही. लगेच नाही म्हणू नका. त्यांना चार फोटो मागा. खिडकीच्या उजेडात, फिल्टर न लावता, हातभर अंतरावरून झूम करून काढलेला दोन्ही हातांचा. त्यात अंगठेही सरळ दिसायला हवेत. एखाद्या नखाचा बाजूनं काढलेला. मेंदी नसलेल्या हाताचा. आणि दोन आठवडे झालेल्या कामाचा. आनंदानं पाठवले तर तीन आठवडे आधी एक ट्रायल करून घ्या. बसतानाच सांगा, "कातडी कापू नका, फक्त मागे सारा." हे ऐकून त्यांचा हात थांबतो की निपरकडे जातो, तेवढ्यावरून कळेल.

ट्रायल चांगली झाली तर लग्नाची नखं हळदीच्या आधी करायची असल्यास बेबी पिंक, पांढरा, न्यूड असे रंग टाळा. हळद फिकट पॉलिशला पिवळट डाग पाडते आणि लग्नाच्या फोटोत तो पिवळेपणा दिसतो. वाईन किंवा मरूनवर तो कळत नाही. फिकटच हवं असेल तर हळद उतरल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मागून घ्या.